सिदनाकाचे नाव अरबीत जाताना : मोडी कागदाच्या वाचनातील शंकास्थाने

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज आखाती देशांत नोकरी करीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी मधूनच आम्हांस मोडी कागदाचे छायाचित्र पाठवितो आणि विचारतो, "सर, आजोबांच्या ट्रंकेत हे सापडले. याचे अरबी भाषांतर करावयाचे आहे. आधी वाचून द्याल का?" कोणाला आपल्या घराण्याचा इतिहास तेथील सहकाऱ्यांपुढे मांडावयाचा असतो, तर कोणाला एखाद्या अर्जासोबत नात्याचा जुना दाखला जोडावयाचा असतो. हेतू कोणताही असो, मोडी वाचणारा आणि अरबी लिहिणारा अशा दोन माणसांमध्ये एक अवघड जागा असते. मोडी वाचणाऱ्याला जेथे शंका होती, तेथे अरबी लिहिणाऱ्याला ती दिसत नाही. त्याच्या हाती स्वच्छ देवनागरी मजकूर येतो आणि तो तितकेच स्वच्छ अरबी वाक्य लिहितो. शंका मधल्यामध्ये नाहीशी होते, आणि जे कागदावर कधीच लिहिलेले नव्हते ते परक्या भाषेत ठामपणे उभे राहते. या लेखात आम्ही त्या जागेविषयीच लिहीत आहोत.

उदाहरण म्हणून करवीर इलाख्यातील एकोणिसाव्या शतकातील कागदांच्या धाटणीवरून आम्ही सहा ओळींचा एक नमुना बेतला आहे. त्यातील नावे कल्पित आहेत, पण अडचणी मात्र खऱ्या कागदांतल्या आहेत. मूळ मोडीत शब्द सुटे नसतात. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडीत जातो. वाचकांच्या सोयीसाठी येथे आम्ही शब्द सुटे केले आहेत. पण सुटे करणे हेही एक वाचनच आहे, हे पुढे दिसेल.

१. मौजे [कसरीचे भोक, अदमासे तीन अक्षरे] येथील
२. माहार वतनाची जमीन पैकी
३. सखू कोम सिदनाक मयत
४. इचे नावे आकार रु॥ ५॥
५. सु॥ स[घडीत फाटले] खमसैन मयातैन व अलफ
६. पीगल नाम संवत्सरे आश्वीन मास

प्रथम छायाचित्राविषयी. बहुतेक छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या चित्रासारखी येतात आणि वाटेत त्यांचा तपशील गळतो. तेच चित्र फाईल म्हणून पाठविले तर मूळ आकारात येते. कागद 'स्कॅन' करून काळा-पांढरा करणारी सोय मोडीसाठी घातकच म्हणावी लागेल. शाईचा ठिपका, कसरीचे भोक, पाठच्या बाजूने उमटलेली शाई आणि कागदावरचा तपकिरी डाग हे सारे तिच्यात एकसारखे काळे होतात, आणि मग अनुस्वार कोणता व डाग कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. कागद सपाट ठेवून, खिडकीतून तिरका उजेड येईल असा धरून, रंगीत छायाचित्र घ्यावे. आधी संपूर्ण पान घ्यावे आणि मग थोडे एकमेकांवर येतील असे तुकडे घ्यावेत. पाठची बाजू कोरी दिसली तरी तिचेही घ्यावे, कारण नंतरच्या काळातले शेरे आणि रुजू केल्याच्या खुणा पुष्कळदा तेथेच असतात. भोक आहे की ठिपका, अशी शंका असेल तेथे खाली निळा कागद सरकवून पुन्हा एक छायाचित्र घेतले की निकाल लागतो. भोक असेल तर निळे दिसते.

आता वाचन. नवशिका वाचक छापील मोडी वर्णमाला शेजारी ठेवतो आणि प्रत्येक अक्षर तिच्याशी ताडून पाहतो. त्यामुळे त्याची फसगत होते, कारण प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा असतो. आम्ही असे करतो: ज्या शब्दांविषयी शंकाच नाही ते आधी शोधायचे. या कागदात 'मौजे', 'वतनाची', 'जमीन', 'नावे' हे ते शब्द. त्यांतून या लिहिणाऱ्याचा म, व, ज, त, न कसा असतो याचा एक छोटा तक्ता करावयाचा, आणि शंकेचे अक्षर त्या तक्त्याशी ताडावयाचे. पुस्तकातला 'व' आणि या माणसाचा 'व' वेगळे असतील तर या माणसाचा खरा.

तरीही काही शंका उरतातच. त्या लपवायच्या नसतात, खुणेने दाखवायच्या असतात. शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्या युरोपीय अभ्यासकांनी १९३१ साली लायडन येथे यासाठी खुणांची एक पद्धत ठरविली. तीत संशयित अक्षराखाली टिंब देतात, तुटलेला मजकूर चौकटी कंसात आणि संक्षेपाची उकल गोल कंसात लिहितात. आम्ही तिचाच सोपा अवतार वापरतो. टिंब मात्र देवनागरीत नुक्त्यासारखे दिसते, म्हणून त्याऐवजी शब्दापुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालतो. दोन वाचने शक्य असतील तर दोन्ही तिरप्या रेघेने लिहितो. आणि मुख्य म्हणजे छायाचित्रातील ओळींना क्रमांक देऊन प्रत्येक शंका ओळीच्या क्रमांकासह वेगळ्या कागदावर उतरवितो. त्याला आम्ही शंकापत्रक म्हणतो. अक्षर एक बदलले की अर्थ कुठल्या कुठे जातो, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. नारायणराव पेशव्यांच्या वधाची 'ध चा मा' ही आख्यायिका लहानपणीच आपल्या कानांवर पडते.

आता नमुन्यातील शंका एकेक पाहू. पहिल्या ओळीतील गावाचे नाव कसरीने खाल्ले आहे. तेथे तीन अक्षरे गेली इतकेच म्हणावे. कुटुंब आज अमुक गावी राहते म्हणून ते नाव भोकात भरू नये.

चौथ्या ओळीत 'रु॥ ५॥' असे आहे. यातील दोन उभ्या रेघा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रु' नंतरच्या रेघा संक्षेपाच्या, म्हणजे रुपये. आणि '५' नंतरच्या रेघा अर्ध्याच्या, म्हणजे साडेपाच. जुन्या हिशेबात एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा आणि तीन रेघा पाऊण. मोडी न जाणणारा हीच ओळ पाचशे अकरा वाचतो, आणि साडेपाच रुपयांच्या आकाराची जमीन एकदम जहागिरीएवढी होते. खरे-खोटे कसे ओळखावे? त्याच कागदात किंवा त्याच हाताच्या दुसऱ्या कागदात आकड्यातला '१' कसा आहे ते पाहावे. कारकुनाचा एक वळणदार असतो, अपूर्णांकाची रेघ सरळ असते. अरबी भाषांतरात ही रक्कम अक्षरांतच लिहावी, आकड्यांत नव्हे. अरबस्तानात प्रचलित असलेला पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा वाटोळा असतो, आणि तेथील शून्य म्हणजे नुसते टिंब. आपल्या पोरांना तेथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात बसच्या क्रमांकावरून हे कळते. कागदावर मात्र ते सहज चुकते.

पाचवी ओळ सर्वांत मनोरंजक आहे, कारण ती अरबीच आहे. शिवकालाच्याही आधीपासून मराठी कागदांत वापरात असलेला शुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिला जाई: आधी एकक, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. 'खमसैन' म्हणजे पन्नास, 'मयातैन' म्हणजे दोनशे, 'अलफ' म्हणजे हजार. म्हणजे बाराशे पन्नास आणि वर काही. एकक घडीत फाटले आहे. उरला आहे फक्त 'स'. स ने सुरू होणारी एकके चार: 'सलास' तीन, 'सीत' सहा, 'सबा' सात, 'समान' आठ. या जागी एखादा वाचक 'सबा' लिहून पुढे जाईल. आम्ही सहाव्या ओळीकडे वळतो. तेथे 'पीगल' आहे. मोडी लिहिणारे अनुस्वार पुष्कळदा गाळतात आणि इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळीत नाहीत, तेव्हा हा 'पिंगल' संवत्सर. साठ संवत्सरांत या आकाराचे दुसरे नाव नाही. या दशकाजवळ पिंगल येतो तो शके १७७९ मध्ये, म्हणजे १८५७ च्या चैत्रापासून १८५८ च्या फाल्गुनापर्यंत. शुहूर सनात ५९९ मिळवले की तो ज्या इसवी सनात सुरू होतो ते साल मिळते. १२५७ म्हणजे १८५६ च्या मृगापासून, आणि १२५८ म्हणजे १८५७ च्या मृगापासून. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस बदलतो. म्हणून शके १७७९ च्या चैत्र-वैशाखात अजून 'सबा'च चालू होता. पण आमच्या कागदात आश्विन आहे, म्हणजे १८५७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा एकक 'समान' ठरते. महिन्याचे नाव फाटले असते तर 'सबा/समान' असे दोन्ही ठेवावे लागले असते.

या एका वर्षाला कोल्हापुरात अर्थ आहे. ३१ जुलै १८५७ रोजी येथील २७ व्या पलटणीने बंड केले. 'सबा' वाचले तर हा कागद बंडाआधीचा, 'समान' वाचले तर बंडानंतर दोन-अडीच महिन्यांचा. गावकामगारांच्या नोंदी त्या धामधुमीत चालू होत्या की नव्हत्या, असा प्रश्न उद्या कोणी विचारला तर त्याचे उत्तर एका फाटक्या अक्षरावर अवलंबून असेल.

पण खरा सापळा पुढेच आहे. हे शब्द अरबी भाषांतरकाराच्या हाती गेले की तो हसून म्हणेल, हे तर आमचेच आहे, आणि आपल्या भाषेच्या शुद्ध रूपात ते लिहील. लिहिले ते बरोबर, वाचणारा मात्र चुकेल. अरबी वाचकाला सन म्हटले की हिजरी सन आठवतो. हिजरी १२५८ म्हणजे इसवी १८४२. हिजरी सन चांद्र, म्हणून वर्ष अकरा दिवसांनी लहान. शुहूर सन सौर. दोघांचे आकडे कधी काळी जुळत होते, पण एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यांच्यात पंधरा वर्षांचे अंतर पडले होते. आणि ही शंका नव्हे, हे वाचन पक्के असूनही होणारे चुकीचे भाषांतर आहे. म्हणून सनाच्या शब्दांमागे 'मराठा राज्यातील सौर गणना, हिजरी नव्हे, इसवी १८५७' अशी टीप अरबीतच द्यावी.

हाच प्रकार दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतल्या शब्दांचा. अरबी-फारसीतून आपल्या दप्तरात आलेले शब्द इकडे येऊन अर्थ बदलून बसले आहेत. 'कोम' अरबीत लोकसमूह, जमात. मराठी कागदांत मात्र 'सखू कोम सिदनाक' म्हणजे सिदनाकाची बायको सखू. शब्दाला शब्द ठेवला तर सखू सिदनाकाच्या जमातीची होऊन बसेल आणि नाते नाहीसे होईल. 'वतन' अरबीत मायदेश. आमच्या कागदातला माहार वतन हा मायदेश नव्हे. तो गावाची आणि सरकारची वंशपरंपरेने करावयाची चाकरी आणि तिच्या बदल्यात मिळणारी तुटपुंजी जमीन व बलुते. शाहू महाराजांनी करवीर राज्यात १९१८ साली हे वतन बंद करून जमिनी रयताव्याने दिल्या, आणि बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात या वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते या चाकरीचे ओझे उतरावे म्हणून. त्या ओझ्याला परक्या भाषेत 'मायदेश' हे नाव पडावे, हे आम्हांस तरी सहन होण्यासारखे नाही. अरबीत तेथे 'गावाची वंशपरंपरागत चाकरी व तिच्या मोबदल्यातील जमीन' असे फोडून लिहावयास सांगावे. आणि भाषांतरकाराला मराठी येत नसेल तर इंग्रजीच्या आधाराने काम करताना हे शब्द आधी समजावून द्यावेत, कारण इंग्रजीत गेल्यावर ते परत ओळखू येत नाहीत.

आता सिदनाक. मोडीत 'सि' की 'सी' हे कळत नाही, कारण लिहिणाऱ्याने भेदच केलेला नाही. मराठीत त्याने फारसे बिघडत नाही. अरबीत मात्र दीर्घ स्वराला स्वतंत्र अक्षर लागते आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलाच जात नाही. म्हणजे जो निर्णय मोडी कारकुनाने घेतला नव्हता, तो अरबी लेखकाला घ्यावाच लागतो. शिवाय आज कुटुंब 'शिदनाक' म्हणत असेल. जुने कारकून श च्या जागी स सर्रास लिहीत. अरबीत स आणि श यांचा सांगाडा एकच, फरक तीन टिंबांचा. आमचा सल्ला असा: जुन्या माणसाचे नाव कागदात आहे तसे 'स' ने द्यावे आणि टिपेत 'आज शिदनाक असा उच्चार' असे लिहावे. हयात माणसांची नावे मात्र त्यांच्या पारपत्रावरच्या आणि तेथील ओळखपत्रावरच्या अरबी लेखनाप्रमाणेच द्यावीत, कागदावरून नव्याने बनवू नयेत; नाहीतर अर्जातला माणूस आणि ओळखपत्रातला माणूस दोन होतात. आणखी एक गोष्ट संकोचाने, पण सांगितलीच पाहिजे. 'नाक' हा मानाचा प्रत्यय नावाला जोडूनच लिहावा. अरबीत ही अक्षरे सुटी पडली तर एक अत्यंत अशिष्ट क्रियापद होते. भाषांतरकार ते पाहून गप्प बसेल किंवा परस्पर नाव बदलील, दोन्ही नकोत.

शेवटची शंका सर्वांत अवघड, आणि ती एकाही अक्षराची नाही. तिसरी ओळ 'मयत' वर संपते आणि चौथी 'इचे' ने सुरू होते. मोडीत विरामचिन्हे नाहीत, शब्द सुटे नाहीत. तेव्हा 'सखू कोम सिदनाक मयत, इचे नावे' असे वाचावे, म्हणजे सिदनाक वारला आहे आणि जमीन त्याच्या विधवेच्या नावे आहे? की 'सखू कोम सिदनाक, मयत इचे नावे', म्हणजे सखू स्वतः वारली आहे आणि जमीन अजून तिच्या नावे चालते आहे? मराठीत 'मयत' हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, म्हणून मराठीत ही संदिग्धता झाकली राहते. अरबीत वारलेला पुरुष आणि वारलेली स्त्री यांसाठी शब्दाचे शेवट वेगळे आहेत. भाषांतरकार एक शेवट निवडतो आणि निवडताक्षणी कुटुंबातील एक माणूस मरतो, एक जिवंत होतो. वारसाच्या प्रश्नात हा फरक लहान नाही.

याचा निकाल कागदातच असेल असे नाही. पाठीमागे वारसाचा शेरा आहे का, हे पाहावे. त्याच जमिनीची पुढच्या सालची नोंद मिळते का, हे पाहावे. करवीर संस्थानाची जुनी दप्तरे कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत, आणि गावाचे नाव कळले असेल तर तेथे शोध घेता येतो. आमच्या नमुन्यात मात्र गावाचेच नाव कसरीने खाल्ले आहे. म्हणून आम्ही शंकापत्रकात असे लिहितो: 'ओळ ३-४. मयत हा शब्द सिदनाक किंवा सखू यांपैकी कोणालाही लागू शकतो. कागदावरून निर्णय होत नाही. अरबीत दोन्ही पर्याय द्यावेत, पहिला मजकुरात, दुसरा टिपेत. पहिला निवडण्याचे कारण: मयत हा शब्द सिदनाकाच्या नावाला लागून आला आहे. हे कारण कच्चे आहे.'

अरबी मजकूर परत आला की तो तसाच पुढे पाठवू नये. अरबी जाणणाऱ्या कोणाकडून तो ओळ-ओळ मराठीत तोंडी उलगडून घ्यावा आणि शंकापत्रकातील प्रत्येक क्रमांकाची टीप तेथे आहे की नाही हे पाहावे. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे संगणकावर कंस उलटतात आणि चौकटी कंसातले प्रश्नचिन्ह कधी भलत्याच शब्दाला चिकटते. म्हणून खुणेपेक्षा ओळीच्या क्रमांकावर भिस्त ठेवावी. कागद न्यायालयात जाणार असेल तर तेथील परवानाधारक भाषांतरकाराचीच सही लागते, आणि त्याला खुणा आवडत नाहीत. स्वच्छ मजकूर हवा असतो. त्याला शंकापत्रकाची प्रत देऊन, टिपा गाळल्यास आमचे वाचन त्यासोबत जोडू नये, असे लेखी कळवावे. आमच्या नमुन्याच्या शंकापत्रकात पाच नोंदी झाल्या: गाव, रक्कम, सन, नाव आणि मयत. त्यांपैकी रक्कम आणि सन सुटले, नावाचा निर्णय टिपेवर भागला. गाव आणि मयत या दोन नोंदी अरबीतही उघड्याच राहिल्या आहेत.